खर्च कोणत्या थरावर पडतो? मर्ज सॉर्ट आणि मास्टर प्रमेय

मर्ज सॉर्टला n log n इतका वेळ लागतो, हे वाक्य संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला बहुधा पाठ असते. मात्र त्याच पद्धतीतील एक ओळ निष्काळजीपणे लिहिली गेली, तर ते खोटे ठरते आणि तरीही कार्यक्रम उत्तर बरोबरच देत राहतो. अशी चूक उत्तर पडताळून सापडत नाही. खर्च मोजता आला तरच सापडते. म्हणून प्रस्तुत लेखात आपण हा खर्च मोजण्याची रीत पाहू.

प्रथम एक लहान उदाहरण हाताने सोडवू. आठ विद्यार्थ्यांचे गुण पुढीलप्रमाणे आहेत : ५२, १७, ६८, ३४, ९, ८१, ४५, २६. ते चढत्या क्रमाने लावायचे आहेत. मर्ज सॉर्ट यादीचे दोन समान भाग करते, प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, आणि एकेक संख्या सुटी होईपर्यंत हे विभाजन चालू ठेवते. खरे काम परतीच्या वाटेवर होते. आधी जोड्या लागतात : १७ ५२, ३४ ६८, ९ ८१, २६ ४५. मग दोन जोड्यांचे मिळून चारांचे गट होतात : १७ ३४ ५२ ६८ आणि ९ २६ ४५ ८१. शेवटी हे दोन गट समोरासमोर ठेवून त्यांच्या अग्रभागी असलेल्या संख्यांपैकी लहान ती उचलायची. १७ आणि ९ यांत ९ उचलली, १७ आणि २६ यांत १७ उचलली, आणि याच क्रमाने पुढे जाऊन संपूर्ण यादी सिद्ध होते.

येथे मोजण्याजोगी गोष्ट अशी की, जोड्या लावताना आठ संख्या एकेकदा जागेवर ठेवल्या गेल्या, चारांचे गट करताना पुन्हा आठ, आणि अखेरच्या विलीनीकरणातही आठच. तीन थर, प्रत्येक थरावर आठ, एकूण चोवीस. आठ ही संख्या तीनदा निम्मी केली की एक उरते, म्हणून थर तीन. सर्वसाधारणपणे n संख्यांसाठी थरांची संख्या log₂ n आणि प्रत्येक थरावरील काम n. n log n हे उत्तर येथून येते.

हाच हिशेब समीकरणाच्या रूपात असा मांडतात :

T(n) = 2T(n/2) + n

n संख्यांचे काम म्हणजे निम्म्या आकाराची दोन कामे, अधिक विलीनीकरणाचे n. अशा समीकरणात T हे स्वतःच्याच लहान रूपाने व्यक्त होत असल्यामुळे त्याला आवर्ती समीकरण म्हणतात. प्रत्येक वेळी थर रेखाटून बेरीज करण्याऐवजी या जातीची समीकरणे एकाच नियमाने सोडवता यावीत, यासाठी बेंटली, हाकेन आणि सॅक्स यांनी १९८० मध्ये एक सर्वसाधारण पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तीच मास्टर प्रमेय या नावाने पाठ्यपुस्तकांत रूढ झाली.

प्रमेयाचे सोपे रूप T(n) = aT(n/b) + n^d अशा समीकरणांसाठी आहे. a म्हणजे किती उपकामे निर्माण होतात, b म्हणजे प्रत्येक उपकाम कितव्या हिश्श्याचे असते, आणि n^d म्हणजे विभाजन व जोडणी यांचा खर्च. एका थरावरून खाली उतरताना कामांची संख्या a पट होते, तर प्रत्येक कामाचा खर्च b^d ने भागला जातो. म्हणून प्रत्येक थराचा खर्च वरच्या थराच्या a/b^d पट असतो. या एका गुणोत्तरात प्रमेयाचे सार आहे.

गुणोत्तर १ असेल तर सर्व थर सारखे; एका थराच्या खर्चाला थरांच्या संख्येने गुणावे, उत्तर Θ(n^d log n). गुणोत्तर १ पेक्षा कमी असेल तर खर्च खाली उतरताना आटत जातो. सर्वांत वरचा थरच निर्णायक ठरतो, उत्तर Θ(n^d). गुणोत्तर १ पेक्षा अधिक असेल तर खर्च खाली वाढत जातो. तळाची असंख्य लहान कामेच भारी पडतात, आणि त्यांची संख्या n^(log_b a) असल्यामुळे तेच उत्तर. मर्ज सॉर्टमध्ये a = 2, b = 2, d = 1; गुणोत्तर 2/2 म्हणजे नेमके १. आपल्या उदाहरणात प्रत्येक थरावर आठच का आले, याचे हे कारण.

तळ भारी पडण्याचे उदाहरण मोठ्या संख्यांच्या गुणाकारात मिळते. n अंकी दोन संख्यांचे प्रत्येकी दोन भाग करून साधा गुणाकार केला, तर निम्म्या आकाराचे चार गुणाकार लागतात. गुणोत्तर २, उत्तर n². काराट्सुबा या रशियन गणितज्ञाने १९६० मध्ये तेच काम तीन गुणाकारांत करून दाखवले. गुणोत्तर दीडवर आले आणि उत्तर सुमारे n^1.585 इतके खाली उतरले. तेथे एक उपकाम वाचवण्याचे मोल एवढे मोठे आहे, कारण खर्च तळाशी आहे.

आता आरंभी उल्लेखिलेल्या चुकीकडे वळू. विलीनीकरण पायथॉनमध्ये पुष्कळदा असे लिहिलेले आढळते :

```python
while left and right:
    if left[0] <= right[0]:
        out.append(left.pop(0))
    else:
        out.append(right.pop(0))
```

वाचताना यात काहीच खटकत नाही. परंतु `pop(0)` यादीतील पहिली संख्या काढते, तेव्हा मागील सर्व संख्या एकेक घर पुढे सरकवाव्या लागतात. रांगेतील पहिला मनुष्य गेला की संपूर्ण रांग हलावी, तसे हे आहे. n वेळा काढणे आणि प्रत्येक वेळी n च्या प्रमाणात सरकवणे, म्हणजे विलीनीकरणाचा खर्च n नव्हे, तर n² च्या प्रमाणात झाला. समीकरण आता T(n) = 2T(n/2) + n² असे होते; गुणोत्तर 2/4, म्हणजे अर्धा. खर्च वरच्याच थरावर एकवटला आणि उत्तर Θ(n²) झाले. विभाजनाचा सारा लाभ येथे वाया गेला.

ही चूक ओळखावी कशी? लहान यादीवर ती दिसत नाही, कारण सरकवण्याचे काम संगणक फार वेगाने करतो. यादी पुरेशी मोठी घ्यावी, वेळ मोजावा, मग यादी दुप्पट करून पुन्हा मोजावा. n log n असेल तर वेळ दुपटीहून किंचित अधिक होतो. N² असेल तर चौपटीकडे झुकतो. उपायही सोपा आहे. संख्या यादीतून काढूच नये. दोन्ही यादींत आपण कोठवर आलो, ते दाखवणारे i आणि j हे दोन निर्देशक ठेवावेत व ते पुढे सरकवावेत.

प्रमेयाच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. जोडणीचा खर्च n log n असेल, तर थराथरांतील गुणोत्तर स्थिर राहत नाही आणि वरील तीन प्रकारांत हे समीकरण बसत नाही. थरांची बेरीज करूनच n log² n हे उत्तर मिळते. तसेच T(n) = T(n−1) + n येथे काम भागले जात नाही, केवळ एकाने घटते; तेथेही हे प्रमेय लावू नये. मात्र यादीची लांबी विषम असल्याने दोन भाग एका संख्येने असमान झाले, तर उत्तराच्या प्रमाणात फरक पडत नाही.

म्हणून एखादी विभाजन-पद्धती समोर आली की प्रथम a, b, d हे तीन अंक शोधावेत. त्यांतील d विशेष काळजीने शोधावा, कारण तो पद्धतीच्या नावावरून कळत नाही. लिहिलेल्या ओळी एकेक करून तपासल्यावरच कळतो.