छानसं म्हणजे केवढं?

सायली कॉलेज सोडायचं म्हणतेय, असा ताईचा फोन आल्यावर मिरजेच्या मामांनी छपाईचं मशीन बंद केलं आणि पत्र लिहायला घेतलं. कारण ऐकून ते आणखी चिडले होते. मंडळाने ‘रक्तदान शिबिराचं छानसं पोस्टर करून दे’ म्हटलं, पोरीने रात्री जागून पाच नमुने केले आणि पाचही परत आले.

‘सायले, तू त्यांना विचारलंस का, हे लावणार कुठे?’ पत्राची सुरुवातच अशी. नमस्कार-चमत्कार नाही.

तिचा पाचवा नमुना ताईने मोबाइलवर पाठवला होता. ए-थ्री कागद, म्हणजे उंची 42 सेंटीमीटर, आणि त्यावर चौदा ओळी. मामांनी हिशेब मांडला. एसटी स्टँडवर माणूस दहा फुटांवरून वाचणार, तर अक्षर इंचभर तरी हवं. वरची वेलांटी, खालचा उकार आणि मधली मोकळी जागा धरली की एका ओळीला पाचेक सेंटीमीटर जातात. आठ ओळींतच कागद संपतो! तिच्या चौदापैकी नऊ ओळी पदाधिकाऱ्यांच्या नावांच्या. हेच उद्या सहा बाय तीनच्या फ्लेक्सवर हवं म्हणाले, तर उभी मांडणी आडवी ताणून चालत नाही, सगळं नव्याने बसवावं लागतं. म्हणून माप आधी. ‘विचारलंस का?’

मग मजकूर. दरवर्षी रक्त देणाऱ्याला तारीख, वेळ, जागा पुरते. पहिल्यांदा येणारा मुलगा मात्र ‘मला चालेल का?’ इथेच अडतो. त्याच्यासाठी ‘वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो’ ही ओळ ‘रक्तदान श्रेष्ठदान’पेक्षा जास्त कामाची. आधी दिलं असेल तर पुरुषांना तीन महिने, स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं. पण ते नोंदणीच्या टेबलावरही सांगता येतं. मंडळाला नेमकं कोण यायला हवंय, हे ठरल्याशिवाय कुठली ओळ मोठी करायची, ते कसं कळणार? नावांसाठी निमंत्रणपत्रिका छापा, असं त्यांना सुचवायचं. सरळ ‘काढा’ म्हटलं तर अध्यक्ष रुसतात, हा मामांचा अनुभव.

इथे पत्राचा सूर बदलला. आजोबांच्या ट्रेडलसाठी खिळे जुळवत मामांची उमेदीची वर्षं गेली. समोरच्या गल्लीत एक पेंटर सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, शिरोरेघ एका दमात ओढायचा. त्याच्या हाताखाली बसायचं राहूनच गेलं. ‘तुझा हात त्याच्यासारखा आहे. पाचव्या नमुन्यातला “रक्त” मी भिंगाखाली पाहिला. त्यातला जोडाक्षराचा वळसा मला जमला नसता.’

रागाने लिहिलेलं खोडायला जागा नाही, असं समासात नोंदवून त्यांनी पुढे लिहिलं : ‘मंडळाला फोन कर. एकटीला अवघड वाटलं तर मला जोडून घे, मी नुसता ऐकत बसेन. सहावा नमुना झाला की पाठव, प्रूफ इथे काढतो, कागदाचे पैसे विचारू नकोस. कॉलेजचं आपण शनिवारी बोलू. ताईला काही सांगत नाही. आणि आज वेळेवर जेवलीस का, ते कळव.’