‘एक चमचा’ म्हणजे किती मिली?

डॉक्टरांनी बाळाच्या तापाचं सिरप ‘एक चमचा’ लिहून दिलं की हात सवयीने चमच्यांच्या डब्याकडे जातो. पण चिठ्ठीतला चमचा वेगळा. तो एक ठरलेलं माप आहे: टीस्पून म्हणजे ५ मिली. घरातले चमचे मापासाठी घडवलेलेच नसतात. चहाचा एखादा चमचा जेमतेम ३ मिली घेतो, तर पोह्यांच्या चमच्यात ८ मिलीसुद्धा मावतात.

याने किती फरक पडतो, ते पाहू. बाळाचं वजन १० किलो आहे आणि सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. डॉक्टरांच्या हिशेबाने एका वेळी १२५ मिलिग्रॅम जायला हवं. ३ मिलीच्या चमच्याने ७५ मिलिग्रॅमच जातं; ताप उतरत नाही आणि आई घाबरून वेळेआधीच दुसरा डोस देते. ८ मिलीच्या चमच्याने २०० मिलिग्रॅम जातं. दिवसातून चारदा असं झालं, तर जादा औषधाचा भार यकृतावर पडतो.

‘अर्धा चमचा’ तर आणखी फसवा. चमचा तळाशी निमुळता असतो, त्यामुळे अर्ध्या उंचीपर्यंत भरला तरी औषध निम्म्याहून कमीच येतं.

म्हणून असं करा:

१. चिठ्ठीवरचा चमचा मिलीत बदलून घ्या. पाव चमचा १.२५, अर्धा २.५, एक ५, दीड ७.५ मिली. टेबलस्पून लिहिलं असेल तर तो १५ मिली, म्हणजे तिप्पट. अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांना विचारा.

२. बाटलीवरची ताकद वाचा. त्याच औषधाच्या दुसऱ्या बाटलीत ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असेल, तर वरच्या बाळाला २.५ मिलीच लागेल. ड्रॉप्स त्याहून दाट असतात. सिरपचं माप त्यांना कधीच लावू नका.

३. औषधाच्या दुकानातून बिनसुईची ५ मिलीची सिरिंज आणा. टोपण असेल तर काढून टाका, ते बाळाच्या घशात अडकू शकतं.

४. बाटली हलवा, औषध ओढा, हवेचा बुडबुडा बाहेर काढा आणि सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचा. काळ्या रबराची टोकाकडची कड ज्या रेघेवर असेल, तेच माप.

५. बाळाला बसतं धरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. थेट घशात नको, ठसका लागतो.

विश्वास बसत नसेल, तर सिरिंजने ५ मिली पाणी घेऊन घरातल्या चमच्यांत एकेक करून ओतून पाहा. एक ओसंडेल, दुसरा पूर्ण भरणारच नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की एवढंच म्हणा: “डोस मिलीत लिहून द्या.”