नवकंकरी फोनवर आणायची तर खर्च किती?

नवकंकरीसारखा दोघांचा, आळीपाळीने चाल करायचा ऑनलाइन खेळ तुम्हाला अँड्रॉइडवर आणायचा असेल आणि कोड तुम्ही स्वतः लिहिणार असाल, तर पहिल्या वर्षाचा रोख खर्च तीन-चार हजार रुपयांत बसतो. आयफोनही धरलात तर त्यात दरवर्षी नऊ हजारांच्या वर भर पडते. पुढचे सगळे हिशेब डॉलर 90 रुपये धरून केले आहेत.

आधी ठरलेली शुल्के पाहू. गुगल प्लेवर विकसक खाते उघडायला 25 डॉलर लागतात, तेही एकदाच. कर आणि कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार मिळून पावणेतीन हजारांपर्यंत रक्कम धरून ठेवा. प्रीपेड कार्ड चालत नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले क्रेडिट किंवा डेबिट कार्ड हवे, म्हणून बँकेच्या अॅपमध्ये ती सोय आधीच चालू करून घ्या. अॅपल वर्षाला 99 डॉलर घेते आणि नूतनीकरण चुकले तर खेळ दुकानातून उतरतो. शिवाय आयफोनसाठीचे अॅप बांधायला मॅक लागतो. तो घरात नसेल तर पहिले वर्ष फक्त अँड्रॉइडवर काढा. खेळाचे इंजिन फुकट मिळते. गोडोला शुल्क नाही, आणि युनिटीची वैयक्तिक आवृत्ती वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या आत असेपर्यंत मोफत आहे. नवकंकरीच्या पटासाठी गोडो पुरेसे आहे.

कागदपत्रे थोडीच लागतात, पण ती जुळली पाहिजेत. सरकारी फोटो ओळखपत्र आणि पत्ता द्यावा लागतो. ओळखपत्रावरचे नाव आणि खात्यावरचे नाव अक्षरशः एकच ठेवा. गोपनीयता धोरणाचे एक वेबपान लागते. खेळाडू खाते उघडत असतील तर ते कायमचे काढून टाकण्याची सोय अॅपमध्येही हवी आणि वेबवरही. एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते: वैयक्तिक खात्यावरून पैसे कमवायला लागलात की तुमचा पूर्ण पत्ता प्लेवर सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता जगजाहीर व्हायला नको असेल तर त्याचा विचार खाते उघडण्याआधी करा.

वेळेचा खरा खर्च पुढे आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान 12 परीक्षक, सलग 14 दिवस. मधेच कोणी बाहेर पडून संख्या 12 च्या खाली गेली तर अडचण होते, म्हणून 16 जण घ्या. नातेवाईक, वर्गमित्र, कार्यालयातले सहकारी चालतील, मात्र त्यांनी खेळ खरोखर खेळला पाहिजे, कारण नंतरच्या अर्जात चाचणीत काय आढळले आणि तुम्ही काय बदलले हे विचारतात. पैसे घेऊन बारा परीक्षक पुरवणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांची खाती खेळ उघडतात आणि बंद करतात, अर्ज नाकारला जातो आणि पंधरवडा पुन्हा मोजावा लागतो. अर्जाच्या तपासणीला साधारण आठवडा धरा. म्हणजे खेळ तयार झाल्यापासून लोकांच्या हाती पडेपर्यंत किमान महिनाभर जातो. गणेशोत्सवात आणायचा असेल तर जुलै संपण्याआधी चाचणी सुरू झालेली हवी.

आता सर्व्हर. इथे एक जुना सल्ला अजून फिरतो, की गुगल प्ले गेम्समध्ये आळीपाळीच्या खेळाची तयार सोय आहे. ती 31 मार्च 2020 रोजी बंद झाली. तिथे लीडरबोर्ड मोफत मिळतो, डाव चालवता येत नाही. अॅपलच्या गेम सेंटरमध्ये अशी सोय आहे, पण ती अॅपलच्या उपकरणांपुरतीच. त्यामुळे दोघांच्या मधे तुमचा स्वतःचा सर्व्हर हवाच. तो हलका असू शकतो, कारण चाल करून खेळाडू फोन खिशात टाकतो. सतत जोडणी लागत नाही. चाल आली, तपासली, साठवली आणि समोरच्याला सूचना पाठवली, की सर्व्हरचे काम संपले. फायरबेसच्या सूचनांना शुल्क नाही.

एका डावासाठी एकच नोंद ठेवा. नवकंकरीच्या पटावर 24 बिंदू असतात, म्हणून अख्खा पट 24 अक्षरांत मावतो:

```json
{
  "board": "W.BW..B....W.B..........",
  "turn": 7,
  "next": "W",
  "deadline": 1767225600,
  "moves": "0 2 3 6 11 13"
}
```

हिशेब असा. समजा रोज 200 जण खेळतात आणि प्रत्येकाचे दोन डाव होतात. प्रत्येक डावात दोघे, म्हणजे 200 डाव. डावाला 60 चाली धरल्या तर दिवसाला 12,000 चाली होतात. फायरस्टोअरमध्ये रोज 50,000 वाचने आणि 20,000 लेखने मोफत आहेत. प्रत्येक चालीला एक लेखन लागते, आणि तीन वाचने: एक तपासणीसाठी, दोन दोघांच्या पडद्यांसाठी. म्हणजे 12,000 लेखने आणि 36,000 वाचने. चालू डावांच्या यादीसाठी आणखी 4,000 वाचने धरा. एकूण 40,000 झाली, मर्यादेत आहात.

याच टप्प्यावर दोन चुका बिल वाढवतात. पहिली, प्रत्येक चाल स्वतंत्र नोंद म्हणून साठवणे. मग चालीला दोन लेखने पडतात, 24,000 होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. वर दाखवल्याप्रमाणे चालींची ओळ त्याच नोंदीत ठेवा. दुसरी चूक लीडरबोर्डची, आणि ती जास्त महाग पडते. पहिल्या शंभर खेळाडूंची यादी उघडली की शंभर नोंदी वाचल्या जातात. दोनशे जणांनी दिवसातून दोनदा ती उघडली तर 40,000 वाचने फक्त यादीवर गेली आणि एकूण आकडा 80,000 झाला.

उपाय सोपा आहे. तासातून एकदा सर्व्हरने वरचे शंभर वाचावेत आणि ती यादी एकाच नोंदीत लिहून ठेवावी. खेळाडूला ती एक नोंद दाखवा. यादी तयार करायला दिवसाला 2,400 वाचने, ती बघायला 400. एकूण 42,800. यादी दर पंधरा मिनिटांनी ताजी केलीत तर तयारीलाच 9,600 वाचने जातात आणि मर्यादा गाठली जाते. सोंगट्यांच्या खेळात तासाभराची जुनी यादी कोणाला खटकत नाही. खेळाडूचा स्वतःचा क्रमांक हवा असेल तर `count()` वापरा. त्यात हजार नोंदींमागे एकच वाचन आकारले जाते.

चाल तपासणारे फंक्शन सर्व्हरवर चालवायचे तर फायरबेसची ब्लेझ योजना घ्यावी लागते आणि तिला कार्ड जोडावे लागते. मोफत मर्यादा तशाच राहतात. वर फंक्शनच्या महिन्याला 20 लाख हाका मोफत मिळतात, तुमच्या लागतील साडेतीन-चार लाख. पण ब्लेझला खर्चाची कमाल मर्यादा नसते. ‘बजेट अलर्ट’ लावला म्हणजे बिल थांबेल, असे समजू नका. तो फक्त ईमेल पाठवतो. मोठे बिल सहसा खेळाडूंमुळे येत नाही. एखादी नोंद बदलल्यावर चालणारे फंक्शन तीच नोंद पुन्हा बदलते, ते परत चालते, आणि तुम्ही झोपेत असताना लाखो हाका होतात. म्हणून फंक्शनच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींची कमाल संख्या दोन-तीनवर बांधा. नवे फंक्शन रात्री कधीही चढवू नका. चढवल्यावर तासाभराने वापराचा आलेख बघा. चालींच्या संख्येच्या कितीतरी पट हाका दिसल्या तर फंक्शन लगेच काढून टाका.

डेटाबेसचे ठिकाण पहिल्याच दिवशी `asia-south1`, म्हणजे मुंबई, निवडा. ते नंतर बदलता येत नाही. प्रवेशासाठी मोबाइलवर ओटीपी ठेवू नका. प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात आणि खोट्या नंबरांचा मारा झाला तरी बिल तुमच्याच नावावर येते. आधी अनामिक प्रवेश द्या, पुढे गुगल खाते जोडायला सांगा. खाते न जोडता अॅप काढले तर गुण जातात, ही सूचना ठळक दाखवा.

महिन्याला पाच-सहा डॉलरचा भाड्याचा सर्व्हर हा दुसरा पर्याय. दिवसाला 12,000 चाली म्हणजे सरासरी सात सेकंदांना एक. एक जीबी मेमरीचे यंत्र आणि एसक्यूलाइट हा भार सहज पेलतात. बिल ठरलेले राहते, हा मोठा दिलासा. पण 18 टक्के जीएसटी, बॅकअप आणि काही ठिकाणी सार्वजनिक आयपी पत्त्याचे भाडे वेगळे लागते, आणि सुरक्षेचे अद्यतन तुम्हालाच करावे लागते. लिनक्सची सवय असेल तरच या वाटेने जा.

लीडरबोर्ड टिकवायचा असेल तर फोनकडून गुण कधीही घेऊ नका. फोनने फक्त ‘या बिंदूवरून त्या बिंदूवर’ एवढेच पाठवावे. चाल नियमात आहे का, तीन जुळल्या का, कोण जिंकले, हे सर्व्हरने ठरवावे. सोबत `turn` क्रमांक घ्या, म्हणजे नेट अडकून तीच चाल दोनदा आली तर दुसरी नाकारता येते. चालीची मुदतही सर्व्हरच्या घड्याळावर मोजा, कारण फोनचे घड्याळ मागे घेता येते.

नुसते विजय मोजलेत तर एकच माणूस दोन फोन घेऊन स्वतःशी खेळेल आणि वर चढेल. त्याऐवजी बुद्धिबळातली ईलो पद्धत वापरा. प्रत्येकाला 1200 ने सुरुवात द्या, बदलाचा गुणक 32 ठेवा. बरोबरीच्या खेळाडूला हरवल्यावर 16 गुण मिळतात, 400 ने खालच्याला हरवल्यावर फक्त तीन. शिवाय दहा डाव पूर्ण होईपर्यंत यादीत नाव नको, आणि त्याच जोडीचे दिवसाला तीनच डाव मोजा. तरीही संशय आला तर त्याच दोघांचे, दोन-चार मिनिटांत संपणारे डाव शोधा.

कमाईबद्दल एक सक्त इशारा. प्रवेशशुल्क घेऊन विजेत्याला रोख बक्षीस देण्याची कल्पना कोणीतरी सुचवेलच. ऑनलाइन खेळांबाबतच्या 2025 च्या कायद्यात पैसे लावून खेळायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, मग खेळ कौशल्याचा असला तरी. जाहिराती किंवा सोंगट्यांचे रंग विकणे, एवढ्यावरच राहा. अॅपमधल्या विक्रीवर गुगल वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत 15 टक्के कापून घेते. अॅडमॉबचे पैसे 100 डॉलर साठल्याशिवाय खात्यात येत नाहीत. दोनशे खेळाडूंवर तो आकडा गाठायला बराच काळ लागेल, म्हणून त्या कमाईच्या भरवशावर कर्ज काढू नका.

काम बाहेर देणार असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: प्ले खाते तुमच्या नावावर, फायरबेस प्रकल्पाची मालकी तुमच्या ईमेलवर, सही करायची किल्ली तुमच्याकडे आणि पूर्ण कोड दर हप्त्यासोबत. ‘आमच्या खात्यावरून टाकू, तुमचे 25 डॉलर वाचतील’ असे कोणी म्हणाले तर नकार द्या. त्या खात्यावर बंदी आली की तुमचा खेळ, खेळाडू आणि लीडरबोर्ड त्याच्यासोबत जातात.