मणीकामाच्या ब्लाउजची शिवण

प्रश्न : लग्नाच्या ब्लाउजच्या कापडावर भरगच्च टिकल्या-मणी आहेत. जाड सुई लावूनही ती तुटते. मायेतले काम कात्रीने कापून टाकू का?
– एक वाचक, वालूर (जि. परभणी)

उत्तर : ताई, सुई जाड केल्याने मणी हटत नाही आणि दोरा कापला तर पुढची ओळ उसवत जाते. म्हणून दोरा राखा, मणी काढा. उलट्या बाजूने शिवणीची रेघ आखा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंच पट्टा मोकळा करा. काचेचा मणी फडक्याखाली धरून पकडीने फोडा, चष्मा लावूनच. टिकली कडेपासून छिद्रापर्यंत कापली की दोऱ्यातून निसटते. सैल झालेला दोरा मागे गाठ मारून पक्का करा.

सगळी माया मात्र साफ करू नका. पुढे ब्लाउज सैल करावा लागला तर तिथे मोकळी रेघ दिसेल. उरलेले मणी अंगाला टोचू नयेत म्हणून अस्तर लावा. विणलेल्या जरीला हे काहीच लागत नाही, तिला बारीक नवी सुई पुरते.

रेघेवरून नख फिरवा. कुठे अडले तर तिथे मणी राहिला आहे. मग चेन लावायचा एकेरी पाय बसवून शिवा. शिवणीत फट पडली तर काढलेलेच मणी हाताने टाचा, म्हणून थोडे न फोडता उसवून ठेवा.