परवलीचा शब्द बदलला, दार उघडेना

घरातील इंटरनेट बंद पडले की आपण प्रथम पाहतो तो राउटरवरचा दिवा. तो हिरवा असला की आपण गोंधळतो. तार शाबूत आहे, प्रकाश येतो आहे, मग अडले कोठे? हे कोडे एका उदाहरणावरून सोडवू या.

समजा, एक घर इंदापूर तालुक्यातील एका गावात आहे आणि त्या घराला इंटरनेट पुरवणाऱ्या संस्थेचे केंद्र बारामतीत आहे. मधले अंतर सुमारे ५० किलोमीटर, आणि ते काचतंतूने जोडलेले. सोमवारी संस्थेकडून निरोप आला: 'आमची यंत्रणा बदलली आहे. आपले नवे सदस्यनाम व नवा परवलीचा शब्द सोबत दिला आहे.' घरात इंटरनेट तर उत्तम चालू होते. त्यामुळे निरोप वाचून बाजूला ठेवला गेला. मंगळवार, बुधवार काहीच बिघडले नाही. गुरुवारी दुपारी वीज गेली, संध्याकाळी आली, आणि इंटरनेट मात्र परत आले नाही. साहजिकच सगळ्यांनी दोष दिला विजेला.

दोष विजेचा नव्हता. सोमवारीच झालेली गोष्ट गुरुवारी उघडकीस आली, एवढेच. असे का होते ते समजण्यासाठी घर आणि केंद्र यांचे बोलणे ऐकावे लागेल.

या बोलण्याच्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तिचा मसुदा फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्याआधी लोक दूरध्वनीवरून क्रमांक फिरवून इंटरनेटला जोडले जात; एका तारेच्या दोन टोकांना दोघेच, म्हणून कोण बोलतो आहे हे ठरवणे सोपे. नव्या जाळ्यात एकाच मार्गावर शेकडो घरे आली. तेव्हा जुन्या पद्धतीतील 'तू कोण?' हा प्रश्न नव्या जाळ्यात आणण्याची ही युक्ती निघाली.

बोलण्याचे दोन मुख्य टप्पे आहेत. पहिला शोधाचा. राउटर सुरू होताच हाक मारतो, 'कोणी आहे का?' बारामतीचे केंद्र म्हणते, 'मी आहे.' राउटर म्हणतो, 'मग तुझ्याशीच बोलतो.' केंद्र एक सत्र क्रमांक देऊन टाकते. येथपर्यंत नाव-शब्द कोणी विचारलेलाच नाही. दुसरा टप्पा ओळखीचा. आता केंद्र नाव विचारते आणि परवलीचा शब्द पारखते. ती पारख जमली तरच घराला इंटरनेटवरचा पत्ता मिळतो.

किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी आठवा. परवल विचारायची ती आत शिरताना. एकदा माणूस आत गेला की तो गडावर हिंडत असताना त्याला सहसा पुन्हा कोणी हटकत नाही. येथेही तसेच आहे. पारख साधारणपणे सत्र सुरू होताना एकदाच होते. (चालू सत्रात मधूनच पुन्हा पारखण्याची सोय पद्धतीत आहे, पण ती वापरलीच पाहिजे असे नाही.) सोमवारी बारामतीच्या नोंदवहीत जुने नाव खोडले गेले, तरी आपल्या घराचे सत्र आधीच चालू होते. वीज गेली तेव्हा ते सत्र तुटले. वीज आल्यावर राउटर नव्याने दाराशी आला आणि जुनीच परवल सांगू लागला. निरोपाची तारीख आणि बिघाडाची तारीख यांत अंतर पडते ते असे.

आता पुढचा प्रश्न. अडले आहे ते पहिल्या टप्प्यात की दुसऱ्यात, हे घरबसल्या कसे ओळखावे? राउटरच्या नोंदी वाचता आल्या तर काम सोपे आहे. लिनक्सवर चालणाऱ्या अनेक राउटरांत पहिल्या टप्प्यातील अपयश असे दिसते:

```
Timeout waiting for PADO packets
Unable to complete PPPoE Discovery
```

याचा अर्थ, हाक मारली पण 'मी आहे' असे कोणीच म्हटले नाही. येथे परवलीच्या शब्दाशी झटापट करण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या टप्प्यातील अपयश मात्र असे असते:

```
PPP session is 2741
Connect: ppp0 <--> eth1
CHAP authentication failed
```

सत्र क्रमांक मिळाला, म्हणजे काचतंतू, जोडणी, केंद्र सारे ठीक आहे. अडले ते ओळखीवर.

नोंदी पाहता आल्या नाहीत तरी घड्याळ मदत करते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. इंदापूर ते बारामती ५० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाचा ४००० वा भाग. दहा-बारा निरोपांची देवाणघेवाण झाली तरी प्रवासाला लागणारा वेळ नगण्यच. म्हणून स्पष्ट नकार बहुधा एकदोन सेकंदांत येतो. उत्तरच येत नसेल तर राउटर वाट पाहतो, पुन्हा हाक मारतो, आणखी थांबतो; त्यात अर्धे मिनिट सहज जाते.

नोंदीतील शेवटच्या ओळीत 'चॅप' हे पारख करण्याच्या पद्धतीचे नाव आले आहे. ती पद्धत फार सुंदर आहे, आणि आपला बिघाड शोधणे कठीण होते तेही तिच्यामुळेच. पॅप नावाच्या जुन्या पद्धतीत राउटर परवलीचा शब्द जसाच्या तसा पाठवतो. चॅपमध्ये शब्द तारेवरून जातच नाही. केंद्र एक आव्हान, म्हणजे दर वेळी वेगळी अशी संख्या, पाठवते. राउटर ती संख्या आणि आपला शब्द एकत्र करून एक गणित करतो आणि फक्त उत्तर पाठवतो. केंद्र आपल्याजवळच्या शब्दाने तेच गणित करते. दोन्ही उत्तरे जुळली तर दार उघडते.

वहीवर करून पाहा. परवलीचा शब्द ४७ आणि आव्हान ३६ धरा. गुणाकार १६९२. त्याला ९७ ने भागा, बाकी ४३ उरते. ही बाकी म्हणजे उत्तर. आता कोणी घाईत ४७ ऐवजी ७४ लिहिले. गुणाकार २६६४, बाकी ४५. जुळत नाही, नकार. पुढच्या वेळी आव्हान ५८ आले तर ४७ चे उत्तर १० आणि ७४ चे २४. पाहा, केंद्राला दिसतात ती फक्त ४५ आणि २४ ही उत्तरे. आपले गणित इतके सोपे आहे की हुशार माणूस त्यावरून उलट हिशेब करील. खऱ्या चॅपमध्ये त्या जागी बहुधा एमडी५ नावाचे गणित असते. त्याची दोन उत्तरे पाहा. पहिले a या अक्षराचे, दुसरे b चे:

```
0cc175b9c0f1b6a831c399e269772661
92eb5ffee6ae2fec3ad71c777531578f
```

एकच अक्षर बदलले, पण उत्तरांत साम्य शोधून सापडत नाही. म्हणून 'जवळजवळ बरोबर' असा प्रकारच येथे नाही. आठांपैकी सात अक्षरे बरोबर असोत की एकही नसो, नकार सारखाच. कोणते अक्षर चुकले हे राउटर सांगू शकत नाही आणि केंद्रही सांगू शकत नाही.

परंतु एक गोष्ट केंद्राला स्पष्ट दिसते, ती म्हणजे सदस्यनाम. ते चॅपमध्येही उघडेच जाते. येथेच आपल्याला खरा धागा मिळतो. संस्थेच्या कार्यालयात दूरध्वनी करून 'इंटरनेट चालत नाही' असे सांगण्याऐवजी विचारावे: 'आमच्या जोडणीवरून शेवटचा नकार किती वाजता नोंदला आहे आणि कोणत्या नावाने?' जुन्या नावाने नोंद असेल तर राउटरमध्ये नवे नाव साठवलेच गेलेले नाही. लिहिले, पण 'साठवा' हे बटण दाबायचे राहिले. नोंदच नसेल तर नावाची शेपटी तपासा. @ या चिन्हानंतरचा भाग चुकला किंवा गळला तर विचारणा भलत्याच नोंदवहीकडे जाऊ शकते. ज्या संस्था दूरध्वनी क्रमांक हेच नाव म्हणून देतात, तेथे बारामतीचा 02112 आणि इंदापूरचा 02111 यांतील शेवटचा आकडा किंवा सुरुवातीचे शून्य चुकणे सहज शक्य आहे. आणि नाव बरोबर असून नकार असेल, तर परवलीचा शब्द चुकला आहे, नाहीतर खाते तरी बंद आहे.

आपल्या घराकडे परत येऊ. गुरुवारी रात्री थोरल्या मुलीने निरोप शोधून नवे नाव आणि शब्द राउटरमध्ये घातला, तरी नकार कायम. शुक्रवारी सकाळी तिने कार्यालयाला वरील प्रश्न विचारला. उत्तर मिळाले की रात्री आठपर्यंतचे नकार जुन्या नावाने आहेत, त्यानंतरचे नव्या नावाने, आणि खाते चालू आहे. म्हणजे उरला तो शब्द. तिने तो निरोपातून उचलून चिकटवला होता, तेव्हा अक्षर चुकण्याचा प्रश्नच नाही असे तिला वाटत होते. तिने तो पुन्हा चिकटवला आणि या वेळी चौकटीतील ठिपके मोजले. शब्द आठ अक्षरांचा, ठिपके नऊ! उचलताना शेवटची मोकळी जागाही सोबत आली होती. आपल्याला ती दिसत नाही. यंत्राला मात्र ते ३२ क्रमांकाचे चांगले धडधाकट अक्षर असते. ते पुसताच दार उघडले.

अशी फसवी अक्षरे आणखी आहेत. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल. मोबाइल पहिले अक्षर आपणहून मोठे करतो, आणि यंत्राला लहान-मोठे अक्षर वेगळे. मराठी कळफलक चालू राहिला तर 1 ऐवजी १ उमटतो. पहिल्याचा क्रमांक ४९, दुसऱ्याचा २४०७. काही राउटर असा आकडा घेतच नाहीत, काही मुकाट्याने घेतात. म्हणून शब्द आधी अक्षरे दिसतील अशा कोऱ्या जागी लिहावा, मोजावा आणि मगच राउटरमध्ये घालावा.

शब्द अगदी बरोबर असूनही नकार येऊ शकतो. वीज अचानक गेली तेव्हा राउटरला 'येतो' म्हणायला वेळ मिळालेला नसतो. केंद्र काही काळ जुने सत्र चालूच समजते, आणि एका नावाने एकच सत्र असा नियम असेल तर आपल्याच दाराशी आपल्याला अडवते. अशा वेळी राउटर पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवून पाहावा. कधी चूक पलीकडे असते: नवा शब्द ग्राहकांच्या यादीत भरला गेला, पण पारख करणाऱ्या यंत्राच्या वहीत पोचलाच नाही. मग घरी शंभर वेळा लिहूनही उपयोग नाही. कार्यालयाला सांगून नुसत्या आकड्यांचा तात्पुरता शब्द बसवून घ्यावा. तो चालला तर दोष कोणत्या टोकाला होता ते उमगते; पुढे तो बदलून घ्यावा.

एक मात्र करू नये. राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून तो मूळ अवस्थेत आणू नये. त्याने सदस्यनाम जाते आणि जोडणीच्या इतर खुणाही पुसल्या जाऊ शकतात. मग आतापर्यंत सुरळीत असलेला पहिला टप्पाही बिघडतो. तसेच वायफायचा शब्द बदलत बसू नये. तो घरातल्या मोबाइलने राउटरला सांगायचा. बारामतीच्या केंद्राला त्याची वार्ताही नसते.