जुने क्लॅरिनेट आजच्या पियानोशी का जुळत नाही?

स्वराची प्रमाण उंची निसर्गाने नव्हे, संकेताने ठरते. फ्रान्सने १८५९ साली ‘ए’ स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर निश्चित केला. त्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश वाद्यवृंदांत तो ४५२ च्या आसपास होता. १९३९ च्या लंडन परिषदेने ४४० सुचवला.

४५२ साठी घडवलेले क्लॅरिनेट ४४० च्या पियानोसोबत वाजवले, की त्याचा ‘ए’ जवळजवळ पाव स्वर चढा लागतो आणि एकत्रित नाद सेकंदाला सुमारे १२ वेळा लहान-मोठा होतो. मुखाजवळचा सांधा ओढून नळी लांबवावी, तर वरच्या छिद्रांचे स्वर अधिक उतरतात, खालच्यांचे कमी. कारण आखूड हवास्तंभात तेवढीच वाढ प्रमाणाने मोठी ठरते. एक स्वर जुळतो, बाकीचे परस्परांत बिघडतात. दोष वादकाचा नसतो. छिद्रेच वेगळ्या प्रमाणासाठी पाडलेली असतात.