पानि, पाइन की पानी? : एका मैथिली बालपोथीचा हिशोब

मलाजखंडला तांब्याची खाण आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. 1982 मध्ये हिंदुस्तान कॉपरचं काम इथे सुरू झालं आणि वसाहतीत ठिकठिकाणचे लोक राहायला आले. बालाघाट जिल्ह्यात गोंडी, पोवारी, मराठी आधीपासून होत्याच, त्यात आणखी भाषांची भर पडली. आमच्या शेजारचे मास्तरजी मधुबनीकडचे. निवृत्तीनंतर त्यांनी वसाहतीतल्या पाच-सहा मैथिली घरांतल्या मुलांसाठी एक छोटी बालपोथी करायला घेतली. चित्रं काढायला आणि देवनागरी नीट लिहायला कोणीतरी हवं होतं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मला मैथिली येत नाही. मी मराठीची विद्यार्थिनी. पण शुद्धलेखन हा माझा आवडीचा विषय, आणि या पोथीत पहिल्या पानापासून प्रश्न शुद्धलेखनाचाच निघाला.

मैथिली ही लहानसहान बोली नाही, एवढं आधी सांगून ठेवते. 2011 च्या जनगणनेत भारतात 1 कोटी 35 लाखांहून जास्त लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. साहित्य अकादमीने तिला 1965 मध्ये मान्यता दिली आणि 2003 च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, संथाली यांच्याबरोबर ती आठव्या अनुसूचीत आली. तिची स्वतःची लिपी आहे, तिरहुता किंवा मिथिलाक्षर. आज मात्र छपाई बहुतेक देवनागरीतच होते, आणि घोटाळ्याचं मूळही तिथेच आहे. लिपी हिंदीची, शाळा हिंदीची, त्यामुळे हात आपोआप हिंदीकडे वळतो.

पहिला शब्द पाण्याचा होता. हिंदीत 'पानी'. मैथिलीत पूर्वापार लिहितात 'पानि', शेवटची इ ऱ्हस्व. पण मास्तरजींच्या तोंडून ऐकलं तर तो शब्द 'पाइन' असा येतो. शेवटची ऱ्हस्व इ उडी मारून व्यंजनाच्या आधी जाऊन बसते. हे एकाच शब्दाचं नाही. 'आगि'चा उच्चार आइग, 'राति'चा राइत, 'दालि'चा दाइल, 'माटि'चा माइट. ऱ्हस्व उ-चंही तसंच होतं: 'मासु' म्हणजे मांस, ते बोलताना माउस. इतकंच काय, 'आहे' या अर्थाचा 'अछि' हा शब्दही बोलण्यात अइछ होतो, आणि तो तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणार. म्हणजे हा निर्णय एकदा चुकला की पानापानावर चुकणार.

तर तीन वाटा. 'पानी' लिहायचं, 'पाइन' लिहायचं, की 'पानि'?

'पानी'च्या बाजूने घरची मंडळी होती. एका काकूंचं म्हणणं अगदी साधं: "अहो, शाळेत पानी लिहायचं आणि घरी पानि, पोरगं परीक्षेत ऱ्हस्व लिहून आलं तर मार्क कोण देणार?" हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्याकडे पोवारी घरातली मुलं शाळेच्या हिंदीत अडखळतात ते मी बघते. पण मास्तरजींनी मुलांना समोर बसवून 'पानी' वाचायला दिलं, तेव्हा मुलांनी ते फाडफाड वाचलं, आणि हिंदीत वाचलं. पुढचा शब्दही हिंदीत, त्यापुढचाही. पान मैथिलीचं होतं, पण तोंडात मैथिली आलीच नाही. त्या स्पेलिंगने मुलाला सांगितलं होतं की आता हिंदीचा तास आहे.

'पाइन' मला सुरुवातीला सर्वांत पटलं. जसं बोलतो तसं लिहावं, मुलाला अक्षर लावता येईल. मग मास्तरजींनी पाटीवर दोन शब्द लिहिले: 'पनिभरनी' आणि 'मटिया'. पाणी भरणारी बाई ती पनिभरनी, आणि मातीचा किंवा मातीसारखा तो मटिया. या शब्दांत इ उडी मारत नाही, ती न आणि ट यांच्या नंतरच राहते. म्हणजे 'पानि' आणि 'माटि' असं लिहिलं तर पानि–पनिभरनी, माटि–मटिया हे नातं डोळ्यांना दिसतं. 'पाइन' लिहिलं की नातं तुटतं, आणि पुढच्या इयत्तेत मुलाला दोन वेगळे शब्द पाठ करावे लागतात. शिवाय कोशात आणि छापलेल्या पुस्तकांत त्याला 'पानि'च भेटणार.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीत 'चमचा' आणि 'चहा' यांतला च वेगळा, 'जहाज' आणि 'जीव' यांतला ज वेगळा, आपण एकाच अक्षराने लिहितो आणि पोरं बिनबोभाट शिकतात. बोलता येणाऱ्या मुलाला लिपीने फक्त खूण द्यायची असते, उच्चार त्याच्याकडे असतोच. मास्तरजींनी म्हणून एक युक्ती केली. 'पानि' एकटा शब्द न देता घड्याच्या चित्राखाली दिला, आणि पहिल्या पानावर 'पानि, आगि, राति, माटि' असे एकाच घडणीचे चार शब्द एकत्र ठेवले. पहिला शब्द मुलं अक्षरं लावत 'पा-नि' अशी वाचत. चित्राकडे बघून स्वतःच 'पाइन' म्हणत. तिसऱ्या शब्दापर्यंत त्यांना नियम कळलेला असे, कोणी सांगितला नव्हता तरी.

या नियमाला मर्यादा आहे. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले बरेच शब्द उडी मारत नाहीत. 'रश्मि'चं रइश्म कोणी म्हणत नाही. त्यामुळे असले शब्द पहिल्या भागात ठेवायचेच नाहीत असं ठरलं. मूल उडीत पक्कं झालं की मग आणायचे.

दुसरा गट ल आणि र-चा. हिंदीत थाली, मैथिलीत थारी. हिंदीत केला, मैथिलीत केरा. हिंदीत हल म्हणजे नांगर, मैथिलीत हर. आपल्याकडे थाळी आणि केळं, म्हणजे त्याच जागी आपला ळ. मला हे बघताना फार मजा आली. इथे निवड सोपी होती, कारण उच्चारच वेगळा आहे. पण सोपं आहे म्हणून सगळीकडे र लावत सुटायचं नाही. डाळ ही 'दालि'च आहे, 'दारि' नव्हे. नियम बनवून शब्द घडवायचे नाहीत, आजीला विचारून घ्यायचे, असा आमचा दंडक होता.

खरी पंचाईत अक्षरमालेने केली. हिंदी पोथ्यांचा साचा ठरलेला असतो, प्रत्येक अक्षराला एक चित्र. मैथिली चित्रं छान मिळाली: इ इनारचा, म्हणजे विहीर. ग गाछचा, म्हणजे झाड. ज जाँतचा, म्हणजे आपलं जातं. म माछचा, म्हणजे मासा. ल लतामचा, म्हणजे पेरू. हिंदी पोथीत या चित्रांखाली कुआँ, पेड़, चक्की, मछली, अमरूद आले असते, म्हणजे मासा सोडला तर चित्र तेच राहून अक्षरच बदललं असतं. पण व, य आणि ष यांना काय द्यायचं? 'वन' लिहिलं तर मूल 'बन' म्हणतं. 'यमुना' लिहिली तर 'जमुना'. ष तर पूर्वापार ख-सारखा वाचायची रीत, म्हणून 'षट्कोण'चं चित्र काढलं तर घरातले म्हातारे 'खटकोन' म्हणणार. अक्षर एक शिकवायचं आणि आवाज दुसऱ्याच अक्षराचा यायचा, ही लहान मुलाची शुद्ध फसवणूक आहे. शेवटी ही अक्षरं चित्रांशिवाय शेवटच्या पानावर गेली, 'नावांत आणि मोठ्या पुस्तकांत भेटणारी अक्षरं' म्हणून. मालेत भोक पडलं म्हणून एक-दोन पालक नाराज झाले. माझ्या मते भोक परवडलं.

छोटे शब्द मात्र दिसायला निरुपद्रवी आणि त्रासाला सर्वांत पुढे. हिंदीचं 'में' मैथिलीत 'मे', अनुस्वाराशिवाय. 'से' नव्हे, 'सँ'. 'का-की'च्या जागी शब्दाला चिकटणारा 'क', रामक, घरक, आपल्या रामाचा, घराचा सारखा. मी मोबाइलवर मजकूर टाइप करत होते आणि हिंदी कीबोर्ड गुपचूप 'मे'चं 'में' आणि 'पानि'चं 'पानी' करत होता. मग छापण्याआधी संपूर्ण मजकुरात 'में', 'से', 'और', 'नहीं' हे चार शब्द शोधून बघायचे अशी सवय लावली. यांतला एकही सापडला तर आजूबाजूचं वाक्यही पुन्हा तपासायचं, कारण हिंदी सहसा एकटी येत नाही.

इथपर्यंत हिंदी विरुद्ध मैथिली असं चाललं होतं. पण 'झालं' या एका क्रियेपाशी मास्तरजी स्वतःच थांबले. 'भऽ गेल', 'भए गेल', 'भय गेल', तिन्ही मैथिलीच, तिन्ही छापलेली सापडतात. आणि त्याहून नाजूक गोष्ट 'अछि'ची. मास्तरजी दरभंगा-मधुबनीकडच्या शिकलेल्या घरातले, त्यांना 'अछि' घरचं. पण वसाहतीतली दोन घरं रोज 'छै'च म्हणतात, आणि त्यांच्या मुलांना 'अछि' हा भटजींचा शब्द वाटतो. देशी रूप घ्यायचं हे ठरलं, पण कोणाच्या घरचं देशी? मराठी पाठ्यपुस्तकांतही पुण्याचं 'आहे' आणि वऱ्हाडातलं 'हाय' यांचा निवाडा कोणीतरी कधीतरी करून टाकलाय, आणि तो वऱ्हाडाला विचारून केलेला नाही.

मास्तरजींनी दोन दिवस घेतले. मग पहिल्या भागातली वाक्यं त्यांनी 'छै'वर आणली: गाछ पर सुग्गा छै, म्हणजे झाडावर पोपट आहे. 'छै' त्यांच्याही घरात बोलला जातो, तेव्हा कोणालाच परका नाही. आजोबांसाठी आदराचं 'छथि' ठेवलं, कारण आदरार्थी क्रियापद सोडलं तर मैथिलीचा कणाच जातो असं ते म्हणाले. 'अछि' दुसऱ्या भागात, गोष्टींमध्ये आलं. 'झालं'साठी 'भऽ' ठरलं. अवग्रहामुळे मूल शेवटचा अ पूर्ण उच्चारतं, 'भ्' म्हणून तोडत नाही, हे वाचून घेताना दिसलं होतं.

काकूंच्या मार्कांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून शेवटी एक पान जोडलं. डाव्या बाजूला 'घरमे', उजव्या बाजूला 'स्कूलमे', आणि खाली जोड्या: पानि–पानी, राति–रात, केरा–केला, गाछ–पेड़. काकूंनी ते पान बघितलं, पोथी ठेवून घेतली, आणि 'तरकारीचा शब्द राहिला' असं सांगून गेल्या. तो दुसऱ्या छपाईत घालायचा आहे.